भाजणी किती दळायची?

डोंबिवली पूर्वेला वडिलांपासून चालत आलेलं एक किराणा दुकान आहे. आजूबाजूच्या सोसायट्यांत ते ओळखलं जातं चकलीच्या भाजणीसाठी. तांदूळ, हरभऱ्याची, उडदाची आणि मुगाची डाळ, पोहे, धणे, जिरं हे सगळं वेगवेगळं भाजून शेठ स्वतः गिरणीवर उभे राहून दळून आणतात. घटस्थापनेनंतर गिऱ्हाइकं यादी टाकून जायची, पोरं सामान बांधून ठेवायची आणि दिवाळीच्या महिनाभरात दुकानाची वर्षाची बेगमी व्हायची.

या शेठना त्यांची भाची दोन वर्षं सांगत होती, ‘मामा, दुकानाची एक वेबसाइट करून घे.’ मामांचं उत्तर ठरलेलं असे. ‘माझं गिऱ्हाईक मला तोंडाने ओळखतं. खोबऱ्याचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. रोज बदलायला कोण बसणार? आणि साखर-तेलात सुटतं काय, की वर हा खर्च करू?’ हे सगळे आक्षेप खरे होते. शिवाय पूर्वी एकाने भरपूर पैसे घेऊन हजारभर वस्तूंची साइट त्यांच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे दूधही फुंकून प्यायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग २०२४ची दिवाळी आली. दुकानात गर्दी तशीच होती, पण काहीतरी बिनसलं होतं. लोक येत होते ते हिंगाची डबी, कापूर, मोती साबण असलं किरकोळ न्यायला. बेसन, रवा, डालडा, पिठीसाखर, वेलदोडे अशी पानभर यादी येईना. वसुबारस उलटली तरी भाजणीचे डबे हलले नव्हते. लक्ष्मीपूजनाला चोपडी पुजायला बसले तेव्हा दळून आणलेल्या मालाचा तिसरा हिस्सा शिल्लक होता. काजू-बदाम पुढे विकता येतात, भाजणीचं तसं नसतं. काही काळाने तिला खवट वास लागतो. ती पडेल भावात काढावी लागली, उरलेली गुरांना गेली.

शेठनी आधी मॉलला दोष दिला. भाचीने मात्र वही उघडली आणि नेहमीच्या मोठ्या याद्यांची घरं शोधून काढली. त्यातल्या बऱ्याच घरांत आता यादी सासूबाई करत नव्हत्या. ती सून किंवा मुलगा करत होता आणि तीही रात्री साडेनऊच्या लोकलमध्ये, मोबाइलवर. त्या वेळी दुकानाचं शटर पडलेलं असायचं. माणसाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. माल आहे का, भाव काय, कधी मिळेल? ज्या दुकानाने ही उत्तरं तिथल्या तिथे दिली, त्याच्याकडे अख्खी यादी गेली. गिऱ्हाईक रुसलं नव्हतं, त्याला या दुकानात विचारायची सोय नव्हती.

या निदानातून साइटचा आकार ठरला. अख्खं दुकान चढवायचं नाही. फराळाच्या साठेक वस्तूंचं एकच पान करायचं, ऑनलाइन पैसे घेण्याचीही व्यवस्था नको. गिऱ्हाइकाने वस्तूपुढे वजन निवडायचं आणि शेवटी बटण दाबलं की तयार यादी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडते. त्या बटणामागे एवढाच दुवा असतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Faral%20yadi
```

आधी देशाचा क्रमांक ९१, मग मोबाइल नंबर. अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही. `text=` नंतरचा मजकूर गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आपोआप लिहून येतो आणि `%20` ही दोन शब्दांमधली मोकळी जागा. साइटचं नाव शेठच्या स्वतःच्या नावावर, त्यांच्याच ईमेलवरून नोंदवलं. ते बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं, तर उद्या त्याच्याशी बिनसल्यावर दुकानाची पाटीच त्याच्या हाती जाते.

वस्तूंची नावं दोन्ही प्रकारे लिहिली, ‘चकली भाजणी’ही आणि रोमन अक्षरांत `chakli bhajani`ही, कारण लोक शोधताना दोन्ही टाइप करतात. नवी साइट शोधात दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून काम दिवाळीच्या तोंडावर न काढता उन्हाळ्यात केलं. गूगलमध्ये `site:` आणि त्यापुढे जागा न सोडता आपल्या साइटचा पत्ता लिहून शोधलं की आपलं पान त्याच्या यादीत आलंय का, ते साधारण कळतं.

पहिली परीक्षा २०२५च्या गणपतीत झाली आणि फजितीही. मोदकाची आंबेमोहोर पिठी दुकानात संपली, पानावर मात्र ‘आहे’ असंच राहिलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी चार-पाच घरांना ‘नाही’ म्हणावं लागलं. त्यातल्या एक बाई फोनवर म्हणाल्या, ‘काका, नाही म्हणायचं तर परवाच म्हणायचं होतंत.’ तेव्हापासून नियम झाला. शेवटचा डबा उघडला की आधी पानावर ‘संपलं’ करायचं, मग माल द्यायचा.

दुसरा धडा भावाचा. २२ सप्टेंबर २०२५ला, म्हणजे घटस्थापनेलाच, जीएसटीचे नवे दर लागू झाले. तूप, बदाम, पिस्ते १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. दुकानातल्या पाट्या शेठनी त्याच दिवशी बदलल्या, पानावरचे भाव दोन दिवस जुनेच राहिले. साहजिकच लोकांना वाटलं, हा दुकानदार फायदा स्वतःच गिळतोय. मग सगळे भाव एका साध्या तक्त्यात ठेवले. दुकानातला पोरगा सकाळी शटर उघडल्यावर तेवढा तक्ता बदलतो, पान त्यातूनच भाव उचलतं. साखर, तेल, खोबरं यांच्यापुढे त्या दिवसाची तारीख असते. दहा मिनिटांचं काम, पण ते रोज झालंच पाहिजे. ज्याला हे जमणार नाही त्याने भाव लिहूच नयेत. चुकीच्या भावापेक्षा ‘भाव विचारा’ बरं.

दिवाळीत सगळी गिऱ्हाइकं परतली असं झालं नाही. साखर आणि तेल स्वस्तात बघणारे गेले ते गेलेच. पान कितीही चांगलं केलं तरी मोठ्या साखळी दुकानांच्या भावाशी शेठची बरोबरी होणार नव्हती. भाजणी, जाडसर बेसन, पातळ पोहे आणि निवडलेला सुका मेवा यांच्या याद्या मात्र परत आल्या. त्याही बहुतेक रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान.

शेठच्या हिशेबात खरा फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. पूर्वी भाजणी किती दळायची हे गेल्या वर्षीच्या अंदाजाने ठरायचं आणि माल सगळा एकदम दळला जायचा. आता पानावर लिहिलंय, ‘रविवारी रात्रीपर्यंत नोंदवा, बुधवारी ताजी भाजणी मिळेल.’ सोमवारी सकाळी आलेल्या याद्यांची बेरीज करून, वर दुकानात येणाऱ्यांसाठी थोडी वाढवून तेवढंच धान्य भाजायला घेतात. दिवाळीआधी अशा तीन खेपा दळल्या आणि २०२५च्या भाऊबीजेला तीन-चार किलोच भाजणी उरली. ‘विकायला म्हणून केलं होतं,’ शेठ म्हणतात, ‘पण मला ते दळण ठरवायला जास्त उपयोगी पडलं.’ यंदा ते अनारशाचं पीठही याच पद्धतीने नोंदणी घेऊनच करणार आहेत. ते आधी करून ठेवण्याची जोखीम त्यांनी इतकी वर्षं घेतलीच नव्हती.