साठा किती पुरला? दोन मापं, दोन उत्तरं

औषधाच्या एका दुकानात गोळ्यांचा साठा ठरावीक पातळीवर आला की १०० स्ट्रिपची ऑर्डर जाते, असं समजा. दहा खेपांत मागणी १००० स्ट्रिपची. चार वेळा नवा माल पोचण्याआधीच साठा संपला आणि दरवेळी पाच स्ट्रिप कमी पडल्या.

सायकल सर्व्हिस लेव्हल खेपा मोजते: दहापैकी सहा निभावल्या, म्हणजे ६० टक्के. एक स्ट्रिप कमी पडली काय नि पन्नास काय, तिला सारखंच. फिल रेट माल मोजतो: ९८० स्ट्रिप लगेच दिल्या, म्हणजे ९८ टक्के. पुरवठादार अर्थातच हाच आकडा सांगणार!

आता ऑर्डरची पातळी तीच ठेवून एकदम २०० मागवा. खेपा पाचच होतील, साठा साधारण दोनदा संपेल. फिल रेट ९९ वर जाईल. सर्व्हिस लेव्हल मात्र साठावरच राहील, कारण धोका असतो तो ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतच्या दिवसांत, आणि ते दिवस बदललेले नाहीत.