दोन क्रियापदांचं एक क्रियापद

गाडी बिघडली, गॅरेजमध्ये दिली, मेकॅनिकने दुरुस्त केली. हे सांगायला पॅरिसमधली एखादी बाई म्हणेल, ‘ज फे रेपारे मा व्वात्युर’. ‘रेपारे’ म्हणजे दुरुस्त करणं, ‘मा व्वात्युर’ म्हणजे माझी गाडी, ‘ज’ म्हणजे मी. उरलेलं ‘फे’ हे ‘फेर’ या क्रियापदाचं रूप आहे. ‘फेर’चा एरवीचा अर्थ ‘करणं’, पण त्याच्यापाठोपाठ दुसरं क्रियापद मूळ रूपात आलं की अर्थ होतो ‘करवणं’, ‘करून घेणं’. (इथे सगळी फ्रेंच वाक्यं कानाला ऐकू येतात तशी देवनागरीत लिहिली आहेत.)

हे ‘फे’ गाळून ती नुसतं ‘ज रेपार मा व्वात्युर’ म्हणाली, तर ऐकणाऱ्याला वाटेल की ती स्वतःच पाने आणि जॅक घेऊन गाडीखाली शिरली होती. मराठीत आपण याबाबत बरेच सैल असतो. सलूनमधून आलेला माणूस ‘आज केस कापले’ असं सहज म्हणतो आणि कात्री न्हाव्याच्या हातात होती हे सगळे समजून घेतात. फ्रेंच माणूस असं समजून घेत नाही. तो ‘ज म स्वी फे कुपे ले शव’ म्हणतो, म्हणजे केस कापवून घेतले. यातलं ‘फे’ काढून टाकलं तर त्याने आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली असा अर्थ होतो. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडून हे ‘फे’ निसटतं ते बहुधा यामुळेच.

आता सर्वनामाकडे वळू. गाडीचं नाव पुन्हा घ्यायचं नसेल तर ‘तिला’ या अर्थी ‘ला’ येतं, कारण फ्रेंचमध्येही गाडी स्त्रीलिंगी आहे. ते ठेवायचं कुठे, हा खरा प्रश्न. बरोबर वाक्य आहे ‘ज ला फे रेपारे’. ‘ला’ जातं ‘फे’च्या आधी. शिकणारे हमखास लिहितात ते ‘ज फे ला रेपारे’ चूक आहे. त्यांचा तर्क मात्र समजण्याजोगा असतो. दुरुस्त काय होतं? गाडी. मग गाडीचं सर्वनाम ‘दुरुस्त करणं’ या क्रियापदाला चिकटायला हवं. शिवाय ‘मला ती दुरुस्त करायची आहे’ हे ते आधीच ‘ज व ला रेपारे’ असं शिकलेले असतात आणि तिथे ‘ला’ खरोखरच ‘रेपारे’च्या आधी येतं. दोन वाक्यं वरवर अगदी सारखी दिसतात. मग एकात सर्वनाम मधे आणि दुसऱ्यात पुढे, असं का?

‘इच्छा असणं’ आणि ‘दुरुस्त करणं’ या दोन वेगळ्या क्रिया राहतात आणि प्रत्येकीचा संसार स्वतंत्र असतो. ‘फेर’ मात्र पुढच्या क्रियापदाशी इतकं जोडलं जातं की व्याकरणाच्या दृष्टीने दोघांचं मिळून एकच क्रियापद होतं. त्या एका क्रियापदाचं कर्म एकच, आणि त्याचं सर्वनाम नेहमीप्रमाणे अख्ख्या जोडीच्या आधी बसतं. नामाबाबतही हेच. ‘ज फे मा व्वात्युर रेपारे’ असं गाडीला मधे घालून म्हणता येत नाही, ती जोडीच्या नंतरच यायला हवी. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण इंग्रजीत ‘हॅव द कार रिपेअर्ड’ म्हणताना गाडी बरोबर मधे येते. आपल्याकडे बरीच मुलं फ्रेंच इंग्रजीच्या आधाराने शिकतात आणि ही सवय तिथूनच उचलतात. खरं तर मराठीचा आधार घेतला असता तर काम सोपं झालं असतं. हसणं-हसवणं, बसणं-बसवणं, करणं-करवणं या जोड्यांमध्ये आपण ‘करायला लावण्या’चा अर्थ क्रियापदाच्या पोटातच घालतो. ‘हसवणं’ फोडून मधे कर्म घालावं असं आपल्या मनातही येत नाही. ‘फेर रीर’ म्हणजे हसवणं. ते दोन शब्दांत लिहिलं जातं, पण वागतं आपल्या ‘हसवणं’सारखंच.

ही जोडी पूर्णपणे सीलबंद मात्र नाही. नकाराचा ‘पा’ मधे येतो. ‘ती मी दुरुस्त करून घेत नाही’ म्हणजे ‘ज न ला फे पा रेपारे’. ‘पा’ची जागा रूप चालवलेल्या क्रियापदानंतरची, आणि इथे रूप चालतं ते ‘फेर’चंच. आज्ञार्थात तर सर्वनामच मधे येतं. ‘ती दुरुस्त करून घे’ म्हणजे ‘फे-ला रेपारे’. यामुळे कुणाला वाटेल की नियम मोडला. पण हे ‘ला’ कुणाचं आहे हे लेखन स्पष्ट सांगतं, कारण जोडरेघ त्याला ‘फे’शी जोडते. याहून पक्का पुरावा ‘त्याला आत येऊ दे, आत घे’ या अर्थाच्या ‘फे-ल आँत्रे’ या वाक्यात सापडतो. फ्रेंचमध्ये ‘ल’नंतर स्वराने सुरू होणारं क्रियापद आलं आणि ‘ल’ त्याच क्रियापदाचं असलं, तर दोन्ही मिसळून जातात. ‘ते उघडायचं आहे मला’ यात ‘ल’ आणि ‘उव्रीर’ मिळून ‘लुव्रीर’ होतं. ‘फे-ल आँत्रे’मध्ये मात्र ‘लाँत्रे’ होत नाही. ‘ल’ उच्चारताना ‘आँत्रे’ला खेटून येत असलं तरी ते त्याचं नाही, ‘फे’चं आहे.

आता या वाक्यात तिसरं माणूस आणू, म्हणजे ज्याच्याकडून काम करवलं जातं तो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. बाळाला भरवणं हे उदाहरण घ्या. ‘मी त्याला भरवते’ म्हणजे ‘ज ल फे माँजे’. इथे बाळ म्हणजे ‘ल’, सरळ कर्म. आता काय भरवते तेही सांगू. ‘मी त्याला सूप भरवते’ म्हणजे ‘ज ल्वी फे माँजे ला सूप’. बाळ तेच, क्रिया तीच, पण ‘ल’चं ‘ल्वी’ झालं. ‘ल्वी’ हे ‘मी त्याला पुस्तक देतो’ यातल्या ‘त्याला’चं, म्हणजे अप्रत्यक्ष कर्माचं रूप आहे. हे का घडलं? दोन क्रियापदांचं एक झालं की त्या एकाला सरळ कर्म एकच मिळतं. सूप नव्हतं तेव्हा ती जागा बाळाला मिळाली होती. सूप आलं, त्याने ती जागा घेतली आणि बाळ सरकून ‘देण्या’च्या वाक्यात घेणारा जिथे बसतो तिथे जाऊन बसलं. सूपच्या जागीही सर्वनाम घातलं तर ‘ज ला ल्वी फे माँजे’ होतं. दोन्ही सर्वनामं ‘फे’च्या आधी येतात आणि त्यांचा क्रम ‘देणं’ या क्रियापदाबरोबर असतो तोच राहतो.

मराठीत दोन्ही वाक्यांत ‘बाळाला’ असतं, त्यामुळे ही सरकासरक आपल्याला दिसतच नाही. म्हणून तोंड उघडण्याआधी एकच गोष्ट तपासायची: दुसऱ्या क्रियापदाला स्वतःचं सरळ कर्म आहे का? नसेल तर माणूस ‘ल’ किंवा ‘ला’, असेल तर ‘ल्वी’. अनेकवचनाचं तत्त्वही हेच.

पण मेकॅनिक कुठे गेला? त्याचं नाव घ्यायचं तर फ्रेंच माणूस बहुधा ‘पार ल गाराजिस्त’ म्हणतो. ‘पार’ हे जवळजवळ आपलं ‘-कडून’. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड केन यांनी 1975 सालच्या फ्रेंच वाक्यरचनेवरच्या आपल्या पुस्तकात ‘आ’ची रचना आणि ‘पार’ची रचना या दोन निराळ्या मानल्या. मराठी कानाला हा भेद फारसा परका वाटू नये. ‘मुलाला दूध पाजलं’ आणि ‘सुताराकडून टेबल करवून घेतलं’ ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. मुलाच्या पोटात दूध जातं, ते त्याच्या बाबतीत घडतं, म्हणून ‘-ला’. सुतार टेबल करून देतो आणि आपल्याला टेबल हवं असतं, म्हणून ‘-कडून’. फ्रेंचमध्येही खाणं, पिणं, शिकणं यांच्याबरोबर ‘आ’ सहज येतं, आणि नुसतं काम उरकून घ्यायचं असलं की ‘पार’. दोन्ही भाषांच्या सीमारेषा तंतोतंत जुळतात असं मात्र नाही.

भूतकाळात आणखी एक गोष्ट घडते आणि ती कानाला स्पष्ट ऐकू येते. ‘मी शिवलेला झगा’ म्हणजे ‘ला रोब क जे फेत’. झगा फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आणि क्रियापदाच्या आधी आलेला, म्हणून ‘फे’चं ‘फेत’ होतं. तोच झगा शिंपिणीकडून शिवून घेतला असेल तर ‘ला रोब क जे फे फेर’. ‘त’ गळाला. पाठीमागे मूळ रूपातलं क्रियापद असलं की ‘फेर’चं भूतकाळी रूप लिंग-वचनाप्रमाणे कधीच बदलत नाही. झगा हे एकट्या ‘फे’चं कर्म नसतंच, मग त्याच्याशी जुळवून घ्यायचं कारणही उरत नाही. मराठी माणसाला हे जड जातं. आपण ‘साडी शिवून घेतली, सदरा शिवून घेतला’ असं म्हणतो, म्हणजे करवून घेतानाही क्रियापद कर्मामागे जातं. ती ओढ फ्रेंचमध्ये नेली की ‘फेत फेर’ हे चुकीचं रूप तयार होतं. ‘लेसे’, म्हणजे ‘करू देणं’, या क्रियापदाबाबत फ्रेंचमध्ये पूर्वीपासून घोळ होता. 1990 सालच्या लेखनसुधारणांनी त्यालाही ‘फेर’प्रमाणे न बदलण्याची शिफारस केली.

या रचनेची मर्यादा तिच्या सोयीतूनच येते. ‘ल्वी’ ज्या जागेवर बसतं ती जागा काम करणाऱ्याची आहे, पण घेणाऱ्याचीही तीच आहे. ‘ज ल्वी ए फे फेर यून रोब’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: मी तिच्याकडून झगा शिवून घेतला, किंवा मी तिच्यासाठी झगा शिवून घेतला. शिंपीण ती की मालकीण ती, हे वाक्य सांगत नाही. ‘ज फे एक्रीर यून लेत्र आ पोल’ या वाक्यातही तीच अडचण आहे. पोल पत्र लिहितो, की पोलला पत्र लिहिलं जातं? बोलताना संदर्भ सांभाळून घेतो, पण लेखी मजकुरात, विशेषतः कार्यालयीन पत्रात, हा धोका पत्करू नये. काम करणारा ‘पार’ने दाखवला की अर्थ मोकळा होतो: ‘ज फे एक्रीर यून लेत्र पार पोल’, म्हणजे लिहिणारा पोलच. आणि झगा तिच्यासाठी असेल तर ‘ल्वी’ ठेवून पुढे ‘पार ला कुत्युरियेर’, म्हणजे शिंपिणीकडून, एवढं जोडायचं. करणाऱ्याची जागा शिंपिणीने घेतली की ‘ल्वी’ला ‘तिच्यासाठी’ याशिवाय दुसरा अर्थ उरत नाही.