‘शोले’चं मध्यांतर नेमकं कुठे येतं?

तीन तासांच्या मसालापटात मध्यांतर म्हणजे पहिल्या भागाचा कळस. ‘शोले’त (1975) त्याची तयारी होळीच्या गाण्यापासून होते. गाव रंगात न्हालेलं असतं आणि पांढऱ्या साडीतली राधा दुरून पाहत असते. विधवेचं एकटेपण संवादाविना कळतं. प्रेक्षक असा सैलावलेला असतानाच गब्बर हल्ला करतो. गाण्याशिवाय त्या हल्ल्याला एवढी धार आली नसती.

चकमकीत ठाकूर पायाशी पडलेली बंदूक उचलत नाही. वीरू संतापतो. मग पूर्वकथा उलगडते, शाल गळते, ठाकूरचे हात नाहीत हे दिसतं आणि मध्यांतर होतं. एका प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि त्यातूनच दुसरा उभा राहतो: हा माणूस सूड कसा घेणार? तो सोबत घेऊनच लोक चहाला उठतात.

उत्तरार्धात उसंत कमी असते, म्हणून तिथलं गाणं कथेचं काम करणारं हवं. बसंती काचांवर नाचते ती वीरूचा जीव वाचवण्यासाठी. पाय थांबले की गोळी सुटणार. हे गाणं कापलं तर प्रसंगच उरत नाही. शेवटाजवळ निव्वळ हौसेचं गाणं आलं, तर प्रेक्षक खुर्च्या सोडू लागतात.