फुगलेला नाही, तरी कपॅसिटर गेलेला असू शकतो!

सकाळी सेट-टॉप बॉक्स लावला की लाल दिवा नुसता लुकलुकतो. चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर मात्र बॉक्स नीट चालतो. असं होत असेल, तर पहिला संशय पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर घ्यावा.

आत काय असतं?

या छोट्या डबीत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कागद अशी गुंडाळी असते. कागद इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवात भिजवलेला असतो. करंटला या द्रवातून जावं लागतं आणि द्रव त्याला थोडा अडवतो. या अडथळ्याला इक्विव्हॅलंट सिरीज रेझिस्टन्स, म्हणजेच ईएसआर म्हणतात.

उष्णता कुठून येते?

सप्लायमधला हा कपॅसिटर सेकंदाला हजारो वेळा भरतो आणि रिकामा होतो. या ये-जा करणाऱ्या करंटला रिपल करंट म्हणतात. करंटचा वर्ग गुणिले ईएसआर, एवढी उष्णता डबीच्या आत तयार होते.

समजा रिपल करंट १.५ अँपिअर आहे. नव्या कपॅसिटरचा ईएसआर ०.०३ ओहम असेल, तर उष्णता साधारण ०.०७ वॅट. डबी जेमतेम कोमट होईल. जुना झाल्यावर ईएसआर ०.३ ओहम झाला, तर तीच उष्णता दहापट, म्हणजे जवळपास ०.७ वॅट. बोटाच्या पेराएवढ्या डबीला हे फार झालं.

इथून दुष्टचक्र सुरू होतं. उष्णतेमुळे द्रवाची वाफ तळाच्या रबरी बुचातून हळूहळू बाहेर झिरपते. द्रव कमी झाला की ईएसआर वाढतो, त्यामुळे उष्णता वाढते आणि द्रव आणखी वेगाने सुकतो.

म्हणूनच डबीवर '१०५ अंश' लिहिलेलं असतं. त्या तापमानाला आयुष्य २,००० तास असेल, तर दर १० अंश कमी झाल्यावर ते ढोबळमानाने दुप्पट होतं. ६५ अंशांना ३२,००० तास, म्हणजे सलग चालवल्यास साडेतीन वर्षांहून थोडं जास्त.

सकाळीच का अडतं?

थंड द्रवाचा अडथळा जास्त असतो. सुकत आलेल्या कपॅसिटरचा ईएसआर थंडीत आणखी वाढतो, व्होल्टेज डळमळतं आणि बॉक्स सुरूच होत नाही. थोडा करंट वाहून डबी तापली की काम भागतं.

ओळखायचं कसं?

डबीचा माथा फुगलेला असेल तर निकाल स्पष्ट आहे. पण नुसता सुकलेला कपॅसिटर बाहेरून ठणठणीत दिसतो. साधा मल्टिमीटर त्याची मायक्रोफॅरडमधली क्षमता जवळपास बरोबरही दाखवू शकतो. त्यामुळे दुरुस्ती करणारे ईएसआर मीटर वापरतात.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, आणि 'लो ईएसआर, १०५ अंश' प्रकारचाच कपॅसिटर घ्यावा. मात्र सप्लाय स्वतः उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही सुमारे ३२५ व्होल्ट साठून राहू शकतात.