घाट चढला की शंभर बार कमी भरतात

प्रेशर गेज आणि ट्रान्समीटर तपासायला कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत डेड वेट टेस्टर वापरतात. त्याची रचना साधी असते. सिलिंडरमध्ये अगदी नेमका बसणारा पिस्टन, त्याच्या डोक्यावर गोल चकत्यांसारखी वजने आणि खाली दाबाखालचे तेल किंवा वायू. पिस्टन तरंगू लागला की वजनांमुळे खाली येणारे बल भागिले पिस्टनचे क्षेत्रफळ म्हणजे दाब. घर्षण अडथळा आणू नये म्हणून वजने हाताने किंवा मोटरने फिरती ठेवतात.

यातले क्षेत्रफळ आणि वस्तुमान प्रमाणपत्रावर छापून येते. बल मात्र उपकरण कुठे ठेवले आहे त्यावर ठरते.

अनेक टेस्टर ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग हे प्रमाण गुरुत्व धरून बनवलेले असतात. महाराष्ट्रात कुठेही गुरुत्व एवढे नाही. विषुववृत्ताकडे जाताना ते कमी होते आणि उंचीवर गेल्यावर आणखी घटते. दिल्लीत, जिथे देशाची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे, ते सुमारे ९.७९१ आहे. पुण्याचे अक्षांश आणि ५६० मीटर उंची सूत्रात घातली, तर ९.७८३८ येते.

आता पुण्यातला एक हिशेब मांडू. पिस्टनचे क्षेत्रफळ ९.८०६६५ चौरस मिलिमीटर आहे, म्हणजे प्रमाण गुरुत्वाला एक किलो वजन बरोबर १० बार देते. वर १० किलो ठेवले. वजनांवर लिहिले आहे १०० बार. पुण्याच्या गुरुत्वाने प्रत्यक्षात मिळतात ९९.७६७ बार.

हवेचाही हिशेब बाकी आहे. पाण्यात दगड हलका लागतो, तसे हवेतले वजनही किंचित उचलले जाते. हवेची घनता भागिले वजनाच्या धातूची घनता, एवढ्या प्रमाणात बल घटते. पुण्यात हवेचा दाब सुमारे ९५० हेक्टोपास्कल असतो. वातानुकूलित खोलीत २३ अंश तापमान आणि मध्यम आर्द्रता असली, की हवेची घनता घनमीटरला साधारण १.११ किलो भरते. पोलादाची ८००० धरली, तर घट दशलक्षात १३९ भाग, म्हणजे १०० बारवर ०.०१४ बार. उरतात ९९.७५३.

टेस्टरची अचूकता ०.०१५ टक्के सांगितली असेल, तर १०० बारवर तिला ०.०१५ बारची मुभा आहे. हवेची दुरुस्ती एकटीच जवळपास ती सगळी खाते आणि गुरुत्वाची दुरुस्ती तिच्या पंधरापट आहे. मुंबईहून टेस्टर उचलून पुण्यात आणला, तरी केवळ घाट चढल्याने सुमारे ०.०२ टक्के फरक पडतो.

ही चूक लपण्यात पटाईत आहे. ती दाबाच्या प्रमाणात वाढते: १० बारला ०.०२५, १०० बारला ०.२५. त्यामुळे तपासला जाणारा ट्रान्समीटरच वरच्या टोकाला कमी दाखवतो, असे वाटते. तंत्रज्ञ स्पॅन वाढवतो आणि ठीक असलेले उपकरण पाव टक्का जास्त दाखवू लागते. त्याच टेस्टरवर लावलेली सगळी उपकरणे एकमेकांशी छान जुळतात, म्हणून शंकाही येत नाही.

उलट बाजूचा धोका म्हणजे दुहेरी दुरुस्ती. काही उत्पादक ग्राहकाच्या गावाच्या गुरुत्वानुसार वजनेच घडवून देतात. तिथे पुन्हा गणित लावले, की दाब उगाच कमी मोजला जातो. वरच्या उदाहरणातला संच पुण्यासाठी घडवला असता, तर एकूण १० किलोऐवजी सुमारे २५ ग्रॅम जास्त भरला असता. तेव्हा आधी प्रमाणपत्रावरचे गुरुत्व वाचावे आणि शंका असल्यास पिस्टनसकट संच तराजूवर ठेवावा. तराजू मात्र त्याच खोलीत प्रमाण वजनांनी तपासलेला हवा, नाहीतर त्यातही गुरुत्वाचीच चूक शिरते.

किती काटेकोरपणा हवा, हे कामावर ठरते. सूत्राचे गुरुत्व दशलक्षात काही दहा भागांनी चुकू शकते, कारण जमिनीखालच्या खडकांची घनता त्याला ठाऊक नसते. औद्योगिक ट्रान्समीटरसाठी ते चालते. सर्वोच्च अचूकतेच्या वायूच्या पिस्टनला मात्र ग्रॅव्हिमीटरने मोजलेले मूल्य लागते. तेव्हा तीन मीटर वरचा मजलासुद्धा दशलक्षात एक भाग बदल करतो. हवेची घनता अशा ठिकाणी रोज दाब, तापमान आणि आर्द्रता टिपून काढतात. हवेचा दाब एक टक्का बदलला, तर उत्तर दशलक्षात जेमतेम दीड भाग हलते, म्हणून साध्या बॅरोमीटरने काम भागते. आणि निरपेक्ष दाब हवा असेल, तर वजनांवर काचेची घंटा झाकून आतली हवाच उपसून टाकतात. मग उरलेल्या निर्वाताचा किरकोळ दाब उत्तरात मिळवायचा, एवढेच शिल्लक राहते.