शिफारसपत्र मागताना सरांच्या हाती काय द्यावं

नोव्हेंबर उजाडला की फोनवर निरोप यायला लागतात. "सर, एलओआर हवा होता. १५ डिसेंबर डेडलाइन आहे." बस, एवढंच. कुठलं विद्यापीठ, कुठला अभ्यासक्रम, मी या मुलाला कोणत्या वर्षी काय शिकवलं, यातलं काही नाही. नेमके तेच दिवस सबमिशनचे, ओरलचे आणि पेपर तपासणीचे असतात. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. वर्गात साठ-सत्तर मुलं असतात आणि दर वर्षी नवी येतात. निरोप धाडणारा मुलगा चांगला होता हे मला आठवतं, पण त्यानं नेमकं काय चांगलं केलं होतं ते आठवत नाही. मग पत्रात कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर असे शब्द येतात. वरचं नाव बदललं तर तेच पत्र दुसऱ्या कुणालाही चालेल.

अमेरिकेत एमएसला अर्ज करताना बहुतेक विद्यापीठं अशी तीन पत्रं मागतात. प्राध्यापकाला ईमेलनं एक लिंक येते. ती उघडली की पत्राआधी बहुधा प्रश्न असतात. या विद्यार्थ्याला किती काळ ओळखता? कोणत्या नात्यानं? तुम्ही शिकवलेल्या मुलांमध्ये तो वरच्या पाच टक्क्यांत बसतो, दहात की पंचवीसात? मी वरच्या पाचावर खूण केली आणि खालच्या पत्रात त्याला आधार देणारी एकही घटना नसली, तर वाचणारा त्या खुणेवर का विश्वास ठेवील? ही घटना मला कुठून मिळते, तर विद्यार्थ्याच्या विनंतीतून.

माझ्या एका विद्यार्थिनीनं ही विनंती फार नीट केली होती. ऑक्टोबरच्या मध्याला तिचा पहिला मेल आला, चार ओळींचा. त्यात तिनं फक्त विचारलं होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तुम्ही माझं काम पाहिलं आहे, त्याच्या आधारावर तुम्हाला माझ्याबद्दल ठामपणे लिहिता येईल का? नसेल तर मोकळेपणानं सांगा, मी दुसऱ्या सरांना विचारेन. ही शेवटची ओळ फार मोलाची आहे. नाही म्हणायला वाट ठेवली नाही तर प्राध्यापक भिडेखातर हो म्हणतो आणि कोमट पत्र लिहितो. कोमट पत्रानं अर्जाचं नुकसानच होतं.

मी होकार दिल्यावर दुसरा मेल आला. सुरुवातीला सहा विद्यापीठांचा छोटा तक्ता होता: अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, शेवटची तारीख, पत्र लिंकवरून अपलोड करायचं की फॉर्म भरायचा. सोबत बायोडेटा, गुणपत्रिका, प्रकल्पाचा अहवाल आणि स्वतःच्या उद्देशपत्राचा कच्चा मसुदा. उरलेल्या दोन पत्रांत काय येणार तेही तिनं सांगितलं होतं. एक मॅडम तिच्या स्ट्रक्चर्सच्या अभ्यासाबद्दल लिहिणार होत्या आणि इंटर्नशिपमधले अभियंते साइटवरच्या कामाबद्दल. "तुम्ही प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल लिहावं अशी विनंती आहे," असं तिनं म्हटलं होतं. त्यामुळे तीन पत्रांनी एकच गोष्ट तीनदा सांगायचं टळलं.

खरा ऐवज त्यापुढच्या परिच्छेदात होता. तिच्या गटाचा प्रकल्प उसाच्या चिपाडाच्या राखेवर होता. सिमेंटचा काही भाग काढून त्या जागी साखर कारखान्यातली राख घालायची, १५० मिमीचे क्यूब भरायचे, २८ दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशिनवर दाबून बघायचे. दहा टक्के राखेच्या मिश्रणाचे तीन क्यूब फुटले ते ३१, ३० आणि २२ एमपीए ताकदीला. सरासरी आली २७.७. आयएस ४५६ सांगतं की कोणताही एक क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त ढळला तर तो नमुना बाद. २२ चा क्यूब २० टक्क्यांनी खाली होता. गटातल्या मुलांचं म्हणणं होतं, तो एक वगळू आणि उरलेल्या दोघांची सरासरी लिहू. तिनं ऐकलं नाही. पूर्ण संच बाद धरला, तिन्ही क्यूब पुन्हा भरले आणि आणखी २८ दिवस थांबली. अहवाल त्यामुळे शेवटच्या दिवशी बांधून आला.

हे सगळं घडलं तेव्हा मी तिथेच होतो, तरी दीड वर्षात पार विसरलो होतो. तिनं तारीख दिली, आकडे दिले, अहवालातला पान क्रमांक दिला आणि तिथेच थांबली. "यावरून माझी सचोटी दिसते" असलं काही लिहिलं नाही. ते ठरवायचं काम माझं होतं आणि तिनं ते माझ्याकडेच राहू दिलं. पान उघडताच मला त्या दिवशीची तिची टेबलाजवळची हुज्जतही आठवली, जी तिच्या मेलमध्ये नव्हती. पत्रातला सर्वांत चांगला परिच्छेद त्यातून झाला.

एम-थ्रीला तिची केटी होती, तीही तिनं लपवली नाही. पुढच्या परीक्षेत विषय सुटला, उद्देशपत्रात दोन ओळींत खुलासा केला आहे, तुम्ही उल्लेख करायचा की नाही ते तुम्ही ठरवा, असं लिहिलं. मी केला नाही. पण गुणपत्रिकेत ती अचानक दिसली असती, तर मीच अडखळलो असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे कित्येक प्राध्यापक म्हणतात, "तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो." हे चूक आहे. पत्र शिफारस करणाऱ्यानंच लिहावं, असं अनेक विद्यापीठं स्पष्ट सांगतात, आणि तीन पत्रं एकाच हातची असली की भाषेवरून ते कळतं. असं सांगणाऱ्या सरांपुढे पत्राऐवजी घटनांचं असं टिपण ठेवावं. ते हाती आलं की लिहायला अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि "तूच लिहून आण" म्हणायचं कारण बहुतेक वेळा तिथेच संपतं.

किरकोळ वाटणाऱ्या दोन-तीन गोष्टींत अर्ज अडकतात. आपल्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा. अर्जात जसं नाव आहे तसंच प्राध्यापकाला कळवावं. प्राध्यापकाच्या ईमेलचा पत्ता कॉलेजचा द्यावा, खासगी नाही. होकार येण्याआधी तो अर्जात भरू नये, कारण बऱ्याच ठिकाणी भरताक्षणी लिंक जाते. पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्नही अर्जात असतो. १९७४ च्या फेर्पा कायद्यानं तिथल्या विद्यार्थ्याला तो हक्क दिला आहे. माझ्या विद्यार्थिनीनं तो सोडला आणि मला तसं कळवलंही, म्हणून मी हातचं न राखता लिहू शकलो.

नोव्हेंबरच्या २० तारखेला तिचा एक ओळीचा मेल आला: सहापैकी चार लिंकवर पत्र पोचलेलं दिसतं, दोन राहिल्या आहेत. स्पॅममध्ये पाहिलं, तर दोन्ही तिथे होत्या.