चामड्याचे पाकीट पारखताना

पाकीट बहुधा दोन जागी दगा देते. दुमडीवर त्याचे पापुद्रे सुटतात किंवा कडेची शिलाई उसवते. पहिला दोष चामड्याच्या प्रतीचा, दुसरा टाक्याचा.

कातड्याच्या वरच्या, केसांकडील थरात तंतू घट्ट गुंफलेले असतात. खाली जावे तसे ते सैल होतात. वरचा थर न घासता ठेवला तर ते ‘फुल ग्रेन’ चामडे. त्यावर रंध्रे आणि बारीक ओरखडेही दिसतात, पण टिकाऊपणात ते सर्वांत सरस. डाग लपवण्यासाठी पृष्ठभाग घासून, रंग चढवून त्यावर ठसा उठवला की ‘करेक्टेड ग्रेन’ होते. खालचा थर म्हणजे ‘स्प्लिट’. चामड्याचा भुगा चिकटद्रव्याने जोडलेले ‘बॉन्डेड’ चामडे दुमडीवर लवकर सोलवटते. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावरून मात्र प्रत कळत नाही. त्यासाठी पाकीट हलकेच दुमडून पाहावे: चांगल्या चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या उठतात, जाड लेप असेल तर पृष्ठभाग एकसारखा ताठ राहतो. न रंगवलेली कड कुठे दिसली तर तिथे तंतू दिसायला हवेत. कापडाचा थर दिसला तर ते रेक्झिन समजावे.

मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. एक तुटला की शेजारचे टाके सैल होऊ लागतात. हातशिलाईच्या ‘सॅडल स्टिच’मध्ये एकच दोरा दोन सुयांनी प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी ओवतात, म्हणून एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. पाकिटासाठी नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोऱ्याची नीटस मशीन शिलाईही पुरते. टाके समान, साधारण तीन ते चार मिलिमीटरचे असावेत. फार दाट टाक्यांनी चामडे पोस्टाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. हँडबॅगेत पट्टा जिथे जोडला आहे तिथे आतून जादा तुकडा आणि दुहेरी शिलाई आहे का, ते पाहावे.

समजा, ब्रँडचे अडीच हजारांचे पाकीट करेक्टेड ग्रेनचे आणि आतून नायलॉनचे आहे; धारावीतील कारागिराचे दीड हजारांचे पाकीट फुल ग्रेनचे, आतूनही चामड्याचे आहे. इथे कारागिराचे पाकीट सरस ठरते, कारण ब्रँडच्या किमतीत दुकानाचे भाडे आणि जाहिरातही असते. शिवाय उसवलेला टाका कारागीर पुन्हा घालून देऊ शकतो. मात्र प्रत्येक नग सारखाच निघेल याची खात्री नसते, म्हणून हातातला नगच तपासावा लागतो. अनेक कप्पे, चेन आणि कड्या असलेल्या हँडबॅगेत धातूच्या भागांचा दर्जा निर्णायक असतो. तिथे लेखी हमी आणि दुरुस्तीची सोय देणाऱ्या ब्रँडला जादा पैसे देणे योग्य ठरते.